पिशवीवरचं हिरवं पान पुसा : वळसंग, कुंभारी आणि अक्कलकोट रोडच्या पिशवीवाल्यांना इशारा

वळसंग, कुंभारी आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड परिसरात पिशव्या शिवणारे, छापणारे, विकणारे आणि आपल्या दुकानाचं नाव छापून त्या वाटणारे, अशा सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. तुमच्या पिशवीवर ‘इको-फ्रेंडली’, ‘पर्यावरणपूरक’, ‘१०० टक्के कॉटन’, ‘ऑरगॅनिक’, ‘बायोडिग्रेडेबल’ यांपैकी काही छापलेलं असेल, किंवा नुसतं हिरवं पान काढलेलं असेल, तर त्याचा पुरावा येत्या गुढीपाडव्यापर्यंत तयार ठेवा. पुरावा नसेल तर तोपर्यंत तो शब्द पिशवीवरून काढा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वामी समर्थांचा प्रकटदिन असतो. अक्कलकोटला जाणारी लाखो माणसं आपल्या दारावरून जातात आणि प्रसाद, अंगारा, नारळ घेऊन परततात ते आपल्याच पिशव्यांतून. त्या दिवशी खोटा शब्द छापलेली पिशवी दिसली, तर ती विकत घेऊन पावतीसह तक्रारीला जोडली जाईल. मागाहून ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू नका.

मी स्वतः वळसंगात पिशव्या शिवून घेते. माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांची चूल याच धंद्यावर चालते. त्यामुळे हे बाहेरच्या माणसाचं बोट दाखवणं नाही. प्लास्टिकबंदीनंतर गिऱ्हाइकाने कापडी पिशवीवर जो विश्वास टाकला, तेच आमचं भांडवल आहे. ते तुम्ही खर्चून टाकताय, म्हणून आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात मोठं खोटं आधी घेते. बाजारात ‘कापडी पिशवी’ म्हणून जी रंगीत, हलकी, कागदासारखी खसखसणारी पिशवी मिळते, तिच्यातली बहुसंख्य कापडाची नसतेच. ती नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू गरम दाबाखाली एकमेकांत चिकटवून केलेला ताव. तिला ताणा नाही, बाणा नाही. उजेडासमोर धरा, विणीच्या चौकटीऐवजी सगळीकडे बारीक दाबलेले ठिपके दिसतील. कडा शिवलेल्या नसतात, उष्णतेने चिकटवलेल्या असतात. उन्हात काही महिने टांगली की तिचा भुगा होतो आणि तो भुगा प्लास्टिकचाच असतो. महाराष्ट्र सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या बंदी अधिसूचनेत ही पिशवी प्लास्टिकमध्येच धरली होती. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती केली, तेव्हाही तिचं नाव ‘नॉन-वोव्हन प्लास्टिक पिशवी’ असंच ठेवलं आणि ती चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची हवी अशी अट घातली. ६० ग्रॅमची अट पाळणारी पिशवी विकायला कायद्याने मुभा असेल, पण तिला ‘कापडी’ म्हणायला मुभा कुठेही दिलेली नाही. अशी पिशवी विकायची असेल तर विका, मात्र तिच्यावर ‘प्लास्टिक’ हा शब्द मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा.

दुसरी फसवणूक आमच्या शिवणाऱ्यांच्या हातून होते, म्हणून ती मला जास्त टोचते. एक व्यापारी ऑर्डर घेऊन आला होता. कापड टेरीकॉटचं घाला म्हणाला, कारण ते स्वस्त, पांढरंशुभ्र आणि न चुरगळणारं. छपाई मात्र ‘१०० टक्के कॉटन’ अशी हवी. ती ऑर्डर मी परत पाठवली. दुसरीकडे कुणी तरी ती घेतली असणार, कारण तशाच पिशव्या पुढे दुकानांत दिसल्या.

हे पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. पिशवीच्या आतल्या शिलाईच्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा वेगवेगळा काढा. दोन्ही तपासायचे, कारण काही कापडांत ताणा सुती असतो आणि पॉलिएस्टर फक्त बाण्यात घातलेलं असतं. धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. सुती धागा ज्योतीपासून आखडत नाही, चटकन पेटतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटाने उडून जाईल अशी मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून मागे सरतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. मिश्र धागा दोन्ही लक्षणं दाखवतो : पेटतो, पण राखेत खडा लागतो. एवढ्यावर खरं-खोटं कळतं, प्रमाण कळत नाही. प्रमाण हवं असेल तर कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. तिथे ७५ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात सुती भाग विरघळवतात आणि उरलेलं पॉलिएस्टर वाळवून तोलतात. भारतीय मानक आयएस ३४१६ मध्ये ही पद्धत दिलेली आहे. अहवाल एका ताग्याचा असतो, जन्मभराचा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ताग्याचा अहवाल दाखवून आजचा माल खपवू नका.

कापड सुती निघालं तरी पिशवी ‘१०० टक्के’ होत नाही. शिलाईचा धागा बहुतेक सगळेच पॉलिएस्टरचा वापरतात, कारण तो तुटत नाही, आणि त्यात काही गैर नाही. हाताचे बंद निवारीचे असतील तर ती निवार सुती आहे की प्लास्टिकची, हे बघावं लागतं. ठळक, हाताला रबरासारखी लागणारी छपाई असेल तर तिच्यात बहुतेक वेळा पीव्हीसीची शाई असते. मग त्याच पिशवीवर ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ छापायचं कशाच्या जोरावर? पुरली तर कापड कुजेल, पण धागा आणि छपाईची पापडी मातीत तशीच सापडेल. खरं वाक्य साधं आहे : ‘कापड सुती, शिलाईचा धागा पॉलिएस्टर.’ ते छापल्याने कुणाचाही धंदा बुडत नाही.

आता त्या वाक्याकडे येते, जे हल्ली प्रत्येक लग्नाच्या, उद्घाटनाच्या आणि निवडणुकीच्या पिशवीवर दिसतं : ‘ही एक पिशवी ५०० प्लास्टिक पिशव्या वाचवते.’ पाचशे हा आकडा कुठून आला, असं मी छापणाऱ्यांना विचारत आले. आजवर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

या प्रश्नावर अभ्यास झालेले आहेत आणि ते आपल्या बाजूचे वाटतात तेवढे नाहीत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात सुती पिशवी धरली होती सरासरी १८३ ग्रॅमची. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा तिचा हवामानावरचा भार कमी व्हायला ती १३१ वेळा वापरावी लागते, असं निघालं. नॉन-वोव्हनसाठी हाच आकडा ११ होता. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास सुती पिशवीला हवामानाच्या निकषावर ५२ वेळा सांगतो आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला १४९ वेळा, कारण सेंद्रिय कापसाचं उत्पन्न एकरी कमी धरलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये असे अभ्यास एकत्र पाहिले आणि ५० ते १५० वेळा असा पल्ला दिला. म्हणजे नवी कोरी सुती पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात पडते, तेव्हा तिने अजून काहीच वाचवलेलं नसतं. ती कर्ज घेऊन जन्मते, आणि ते फेडायचं काम वापरणाऱ्याच्या हातून व्हायचं असतं.

प्लास्टिकवाल्यांनाही इथेच बजावते. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासातला ७,१०० वेळांचा आकडा दाखवून ‘कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा वाईट’ असा प्रचार तुम्ही करता. तो आकडा सगळे निकष एकत्र तपासताना सर्वांत वाईट निघालेल्या एकाच निकषाचा, ओझोन थरावरच्या परिणामाचा आहे. शिवाय गटारात अडकलेली पिशवी, गाईच्या पोटात गेलेली पिशवी, शेताच्या बांधावर उडालेली पिशवी यांचा हिशेब ब्रिटन आणि डेन्मार्कच्या अभ्यासांच्या बेरजेत नाही. सोलापूर जिल्ह्यात प्लास्टिकचा खरा त्रास तोच आहे. अर्धा आकडा उचलून तुम्हीही धंदा करू नका.

या आकड्यांतून आपल्या पिशवीबद्दल काय म्हणता येतं, ते एका पिशवीवर करून दाखवते. मांजरपाटाची साधी बाजाराची पिशवी घ्या, अंदाजे ३८ सेंटिमीटर रुंद आणि ४२ उंच. शिवणीची जागा, वरची दुमड आणि दोन बंद धरून तिला साधारण ०.४५ चौरस मीटर कापड लागतं. चौरस मीटरला १३० ग्रॅमचं कापड असेल तर पिशवी ६० ग्रॅमच्या आतबाहेर भरते. पण हे वजन फसवं आहे. कोऱ्या मांजरपाटात मागावर चढवलेली खळ असते. पहिल्या धुण्यात ती निघून जाते, पिशवी लुळी पडते, आकसते आणि हलकी होते. काही जण मुद्दाम जास्त खळीचं कापड घेऊन ‘जाड कापड’ म्हणून विकतात, ते याच कारणाने. म्हणून पिशवी धुऊन, वाळवून मगच तोला. समजा ती ५५ ग्रॅम भरली. ब्रिटनच्या १८३ ग्रॅमच्या पिशवीला १३१ वेळा, तर वजनाच्या प्रमाणात ५५ ग्रॅमला ४० च्या जवळपास. आठवड्याच्या बाजाराला एकदा नेली तर नऊ-दहा महिने.

हा ४० चा आकडा छापू नका. तो आपल्या समजुतीपुरता अंदाज आहे. त्या अभ्यासातली वीज, वाहतूक आणि कापूस आपल्या नाहीत, आणि शिवणाऱ्याने स्वतःला सोयीचा छोटा आकडा निवडणं म्हणजे पुन्हा तीच लबाडी. गिऱ्हाइकाला सांगायचं असेल तर मोठ्या बाजूला राहा : ‘किमान ५० वेळा, आणि जमेल तितकी जास्त वापरा.’

मग पुढचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या धंद्याची कसोटी इथे आहे. तुमची पिशवी ५० वेळा टिकते का? लग्नात वाटायच्या सात-आठ रुपयांच्या पिशवीचा बंद दहाव्या बाजाराला मुळाशी उसवतो, कारण तो फक्त दुमडीत खुपसून एका सरळ टाक्याने धरलेला असतो आणि टाकाही लांब घातलेला असतो. अशी पिशवी शुद्ध कापसाची असली तरी तिने पर्यावरणाचं नुकसानच केलेलं असतं, कारण तिच्यावरचं कर्ज फिटायच्या आत ती पोतेरं झाली. टिकाऊपणा तपासायला यंत्र लागत नाही. पिशवीत आठ किलो ज्वारी भरा, बंदांना धरून झटका देऊन उचला आणि खाली ठेवा, ५० वेळा. दर दहा उचलींनंतर धुवा, वाळवा. प्रत्येक लॉटमधल्या पाच पिशव्यांवर हे करा. बंद कितव्या उचलीला सुटला, शिवण कुठे फाकली, ते तारखेसह वहीत लिहा. बंदाच्या मुळाशी चौकट घालून आत फुली मारली आणि इंचाला आठ-दहा टाके ठेवले, तर मांजरपाटाची पिशवी यातून निघते. निघाली नाही, तर ‘पुन्हा पुन्हा वापरा’ हे शब्द तुमच्या पिशवीवर शोभत नाहीत.

ही वही म्हणजे माझ्या मनातली हौस नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द खुलासा आणि पुरावा दिल्याशिवाय वापरता येणार नाहीत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. दावा पूर्ण वस्तूचा आहे की एका भागाचा, बनवण्याच्या प्रक्रियेचा आहे की वेष्टनाचा, हे सांगायला हवं. तुलना केली तर तिच्यामागची माहिती उघड करायला हवी. पुरावा म्हणून प्रमाणपत्र, शास्त्रीय आधार, त्रयस्थाची तपासणी चालते, तसा पडताळता येईल असा स्वतःकडचा पुरावाही चालतो. बचत गटाच्या बायकांना महागडं प्रमाणपत्र परवडत नाही, हे मला माहीत आहे. नीट ठेवलेली वही, कापडाचं बिल आणि जपून ठेवलेला नमुना त्यांना परवडतो.

ज्यांना वाटतं की जाहिरात म्हणजे टीव्हीवरची, त्यांनी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधली व्याख्या वाचावी. तिच्यात लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येतं. दंडाच्या कक्षेत बनवणारा येतो, तसा दुसऱ्याने केलेल्या मालावर आपलं नाव छापून घेणाराही येतो. खोट्या किंवा फसव्या जाहिरातीला प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. खटला चालून दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘मी फक्त नाव छापून घेतलं, पिशवी दुसऱ्याने केली’ ही सबब दुकानदाराला वाचवणार नाही.

‘ऑरगॅनिक’ छापणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे कागद असतो आणि त्या कागदाच्या जोरावर ते मोठ्याने बोलतात. त्यांनी दाखवलेला कागद बहुधा गिरणीचं किंवा व्यापाऱ्याचं व्याप्ती प्रमाणपत्र असतो. त्या गिरणीला सेंद्रिय माल हाताळायची परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. तुम्ही घेतलेला तागा सेंद्रिय होता, हे सांगतं ते व्यवहार प्रमाणपत्र. ते प्रत्येक मालागणिक निघतं आणि त्यावर वजन, बिल क्रमांक, विकणारा, घेणारा सगळं असतं. ते तुमच्या नावावर नसेल तर तुमची साखळी तिथेच तुटली. आणि कागद असला तरी तो तपासा. जीओटीएस या जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकाच्या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या व्यवहार प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून फिरवला गेला. त्या प्रमाणपत्रांवरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या नकलेवर नेत होता. ११ कंपन्यांना तेव्हा बंदी झाली. म्हणून कोड स्कॅन करून समाधान मानू नका, प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेला थेट कळवून खात्री करा.

एक छपाई मला पाहवत नाही. आपल्या भागात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे नव्या सुती पिशवीवर नळाचं चित्र काढून ‘पाणी वाचवा’ लिहितात. भारतात एक किलो कापसामागे पावसाचं धरून सरासरी २२,५०० लिटर पाणी लागतं, असा पाणी-पदचिन्हाच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. जगाची सरासरी १०,००० आहे. ५५ ग्रॅमच्या पिशवीला हजार लिटरच्या वर पाणी गेलेलं असतं. ती पिशवी उपयोगाची असेल, टिकाऊ असेल, पण पाणी वाचवणारी नाही.

आता काय करायचं ते ऐका. छापून पडलेला माल जाळू नका, फेकू नका. त्याने नुकसान दुप्पट होईल. खोट्या ओळीवर गडद पट्टा मारून घ्या किंवा कापडाचा तुकडा शिवा, आणि खरा मजकूर छापा : कापड कशाचं, धागा कशाचा, धुतल्यावरचं वजन, किती वजनाला तपासली, किमान किती वेळा वापरायची, लॉट क्रमांक. जुन्या चादरी, साड्या किंवा गिरणीच्या कात्रणांतून शिवत असाल तर तसं लिहा, तो दावा तुमचा सगळ्यात भक्कम आहे. फक्त माल कुठून घेतला, त्याच्या पावत्या ठेवा. छपाईवाल्यांनी पुरावा बघितल्याशिवाय पान, पृथ्वी, झाड यांचे साचे फ्रेमवर चढवू नयेत.

गिऱ्हाइकाने वही दाखवा म्हटलं तर ती दाखवायची. माझी वही पाडव्यापासून दुकानाच्या पुढच्या टेबलावर असेल, कुणीही उघडून तपासावी. माझ्या पिशवीत खोट निघाली तर माझ्यावरही हीच तक्रार करा.

पाडव्यानंतर कुणाशीही घासाघीस होणार नाही. प्रत्येक संशयित पिशवीचे दोन नमुने घेतले जातील, एक प्रयोगशाळेसाठी आणि एक मोहरबंद. पावती, छपाईचा फोटो आणि धागा तपासल्याची नोंद जोडून लेखी तक्रार सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, कारण २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ ने अशी तक्रार त्यांच्याकडे देता येते. तिची प्रत केंद्रीय प्राधिकरणाला जाईल आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल. नॉन-वोव्हन पिशवी ६० ग्रॅमच्या आतली निघाली तर वेगळी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात दिली जाईल. तक्रारीत शिवणाऱ्या बाईचं नाव नसेल. ज्याने मजकूर ठरवला आणि ज्याने त्या मजकुरावर माल विकला, त्या दोघांची नावं असतील.